‘बघते’ म्हणजे ‘हो’च असतं

"मॅडम, मी घरून काम करते म्हणून सगळ्यांना वाटतं मी रिकामीच आहे. कुणी आलं-गेलं, कुणाला कुठं सोडायचं, सगळं माझ्यावर. नाही म्हणलं तर भांडण होईल, नाही म्हणलं नाही तर माझी नोकरी जाईल. काय करू?"

२०२० च्या लॉकडाऊननंतर हे वाक्य मी इतक्या जणींकडून (आणि हो, काही जणांकडूनसुद्धा) ऐकलंय की एका जणीची गोष्टच सविस्तर सांगते. तिची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिला आपण वृषाली म्हणूया.

वृषाली नाशिकच्या इंदिरानगरला राहते, दुसरा मजला, लिफ्ट नाही. घरात सासू-सासरे, नवरा अंबडच्या एका कारखान्यात, नणंद जवळच सिडकोत. वृषालीचं काम मेडिकल कोडिंगचं, म्हणजे अमेरिकेतल्या हॉस्पिटलचे पेशंटचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला, उपचाराला ठरलेला कोड द्यायचा, त्यावरून तिकडे इन्शुरन्सचं बिल होतं. रोज ठरावीक चार्ट संपवायचे, त्यातले काही ऑडिटला जातात आणि अचूकता पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली गेली की बोलणी बसतात. तिची दोन महिने सलग खाली गेली होती. आणि ती बसायची कुठं, तर हॉलमधल्या डायनिंग टेबलवर.

ती माझ्याकडे समुपदेशनाला पहिल्यांदा आली त्याच्या आदल्या आठवड्यात जळगावचे मामेसासरे आले होते. नाशिकचं घर म्हणजे देवदर्शनाचं स्टेशन असतं हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. मामांना त्र्यंबकला त्रिपिंडी करायची होती आणि दुसऱ्या दिवशी वणीला गडावर जायचं होतं. दोन्ही दिवस कामाचे, गाडी चालवली वृषालीने, कारण "ती घरीच असते ना". दोन्ही रात्री दोन वाजेपर्यंत बसून चार्ट संपवले. मग नवऱ्यासमोर रडली, तो चिडून आईला म्हणाला, "तिला डिस्टर्ब करत जाऊ नका," आणि सासूबाईंनी तीन दिवस अबोला धरला.

इथे मी कशी विचार करते ते सांगते. मी घरातला एक माणूस सुटा काढून बघत नाही, सगळं घर बघते. मरे बोवेन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने मांडलेली एक गोष्ट मला आपल्या घरांत रोज दिसते. दोघांमधला ताण वाढला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, आणि मग ताण कमी होत नाही, फक्त जागा बदलतो. वृषालीचं म्हणणं होतं सासूबाईंना, गेलं नवऱ्यामार्फत, आणि पोचेपर्यंत ते मुलाने आईला केलेला आरोप झालं होतं. सासूबाईंच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतंच.

तिला मी सल्ला काहीच दिला नाही. एक वही करायला सांगितली, पाच दिवस, कामाच्या वेळेत कुणी काय सांगितलं, किती वाजता आणि तू नेमके कुठले शब्द बोललीस, एवढंच लिहायचं. ‘मला किती राग आला’ वगैरे नको.

वही आली तेव्हा तीत ३८ नोंदी होत्या. तिची खात्री होती की दिवसभर सासूबाईच हाका मारतात. प्रत्यक्षात त्यांच्या २१ निघाल्या, आणि त्यातल्या १७ अकरा ते साडेबाराच्या मधल्या, म्हणजे स्वयंपाकाच्या वेळेच्या. बाकीच्या नणंदेचे फोन, "पोराला तासभर ठेवते गं", शेजारच्यांचं पार्सल, गॅसवाला. पण मला बघायचा होता शेवटचा कॉलम.

"तू काय म्हणालीस ते मोज बरं," मी म्हणलं.

तिने मोजलं. ‘हो’ २३ वेळा, ‘बघते’ १५ वेळा.

"आणि ‘नाही’?"

"एकदाही नाही. पण मॅडम, मी बघते म्हणते ना, त्याचा अर्थ जमणार नाही असाच असतो."

"त्या पंधरापैकी किती कामं केलीस?"

परत मोजलं. तेरा.

मग मी विचारलं, तुझ्या आईला तुझी वहिनी ‘बघते’ म्हणाली तर आई काय समजते? ती बराच वेळ गप्प बसली, वही मिटली आणि हळूच म्हणाली, "हो म्हणाली असंच समजते. म्हणजे मॅडम, मी नवऱ्याला सांगितलं, माझ्या आईला सांगितलं, मैत्रिणीला सांगितलं, तुम्हाला सांगितलं. आईंना मी कधी सांगितलंच नाहीये."

ते वाक्य तिचं तिला सापडलं म्हणूनच टिकलं. मी पहिल्याच दिवशी हेच बोलले असते तर ती ‘बरोबर आहे’ म्हणून घरी गेली असती आणि तिथे ‘बघते’च म्हणाली असती. आपल्याकडे मोठ्यांना तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून आपण ‘बघते’, ‘करू की’, ‘जमवते’ असे मऊ शब्द वापरतो. आपल्या मनात तो नकार असतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात होकार. मग काम झालं नाही की त्यांना वाटतं हिने शब्द फिरवला, आणि काम केलं की आपल्याला वाटतं यांनी लादलं.

तिच्या वहीत अजून एक गोष्ट होती जी तिला दिसली नव्हती. अकरा वाजता ती स्वतः उठून मशीन लावायची, बाराला कपडे वाळत घालायची. तिच्या दृष्टीने ती पाच मिनिटं होती, पण घरातले बघत होते की कामाच्या वेळेत कपडे वाळत घालता येतात, मग मेथी निवडायला काय हरकत? म्हणून पहिली अट मी तिलाच घातली, कामाच्या वेळेत घरचं एकही काम स्वतःहून करायचं नाही. हे तिला सगळ्यात अवघड गेलं.

दुसरं, रोजच्या कामांपुरतं तरी ‘नाही’ शिकायच्या मी मागे लागले नाही, ‘कधी’ शिकवलं. "आई, आत्ता नाही, साडेबाराला करते." आणि साडेबाराला खरंच उठायचं, एकदाही चुकवायचं नाही, कारण चुकलं की त्या वाक्याचंही ‘बघते’ होतं. शिवाय कारण द्यायचं नाही. "आज मीटिंग आहे" म्हणलं की "मग मीटिंग झाल्यावर कर" येतं, ते रास्तच आहे, आणि उद्या मीटिंग नसली की काय सांगणार?

सासूबाईंशी बोलायचं ते भांडणाच्या वेळी नाही, रविवारी दुपारी, दोघीच असताना. ती लसूण सोलता सोलता बोलली. साडेनऊ ते साडेसहा माझं ऑफिस. साडेबारा ते सव्वा मी मोकळी, आणि चार वाजता पंधरा मिनिटं चहाला, चहा मी करणार आणि आपण दोघी घेऊ. सासूबाईंनी विचारलं, "तू नक्की करतेस काय गं त्या लॅपटॉपवर?" लग्नाला चार वर्षं झाली होती. वृषालीने पेशंटचे कागद, कोड, बिल हे सगळं सांगितलं, हेही की ते कागद दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडू नयेत असा कंपनीचा नियम आहे. सासूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे यांच्या मोतीबिंदूच्या वेळी मेडिक्लेमचं ते अडकलं होतं, तसलं काम? चुकलं तर कुणाचे तरी पैसे अडकणार?"

वृषालीने हे मला सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तिचं काम त्या बाईंना पहिल्यांदा दिसलं होतं. ऑफिसला जाणाऱ्याचं काम दिसतं, डबा, बॅग, गाडीची किल्ली, दमून परत येणं. घरून करणाऱ्याचं फक्त बसणं दिसतं.

पण लगेच त्यांचा प्रश्न आला, "आणि घंटागाडी आली तर? मला जिना उतरवत नाही." प्रश्न खरा होता. २१ नोंदींमधल्या पाच घंटागाडीच्याच होत्या! ते काम नवऱ्याकडे गेलं, तो सकाळी निघताना बादली खाली वॉचमनकडे ठेवतो. बेल सासरे बघतात. म्हणून मी सांगते, हद्द आखायच्या आधी समोरच्याची खरी अडचण कुठली ते काढा, नाहीतर तुम्ही नकार देता आणि त्यांचं काम तसंच पडून राहतं.

दाराचं पण सांगते. टेबल बेडरूममध्ये गेलं आणि पहिल्या दिवशी तिने आतून कडी लावली. दिवसाढवळ्या सुनेने कडी लावली हे फार लागलं. मग ठरलं, दार नुसतं लोटलेलं असेल तर कॉल चालू किंवा चार्ट मधे अडकलाय, उघडं असेल तर दोन शब्द बोलले तरी चालेल. कडी नाही. आजारपण, पडझड असलं काही झालं तर दार न बघता हाक मारायची, हे पण बोलून ठेवलं.

दुसऱ्या आठवड्यात सगळं बिघडलं. सासूबाई शेजारी बोलल्या, "आमच्या घरात ऑफिस आलंय, आम्हीच पाहुणे झालो." मी तिला याची आधीच कल्पना दिली होती, जुनी सवय सुटताना घर एकदा जोर लावून मागे ओढतं. त्या दिवसांत समजावायला जायचं नाही, चिडायचं नाही आणि माघारही घ्यायची नाही, चार वाजताचा चहा मात्र चुकवायचा नाही. तिने तेच केलं, चार वाजता दोन कप घेऊन जायची. तीन दिवस सासूबाई न बोलता चहा प्यायल्या, चौथ्या दिवशी आलं कमी पडलंय म्हणाल्या.

नवऱ्याचं काम मी वेगळं ठरवलं. बायकोची बाजू आईला सांगायची नाही, फक्त आपल्या नातेवाइकांशी आपण बोलायचं. दोनेक महिन्यांनी मामांचा परत फोन आला, आता मामींना घेऊन. नवऱ्याने आठ दिवस आधी सांगितलं, "मामा, उतरायला घरीच या. सकाळी नाश्ता करून निघा, रात्री सगळे बरोबर जेवू. त्र्यंबक आणि वणीला गाडी मी ठरवून ठेवतो, वृषालीचं ऑफिस असतं." काय मिळणार ते आधी आणि काय नाही ते शेवटी, हा क्रम मी मुद्दाम दिला होता. मामा म्हणालेच, "अरे, ती घरीच असते ना?" त्याने तेच वाक्य परत म्हणलं, "साडेसहापर्यंत ऑफिस असतं मामा, रात्री बरोबर जेवू." मामा गाडीने गेले.

सगळं सुटलं असं नाही. नणंद रुसली, मुलाला आता शनिवारीच आणते. गौरींसाठी वृषालीने दोन दिवस रजा टाकली आणि ती घरात आधीच जाहीर केली, म्हणजे ते दोन दिवस ती पूर्ण घरची. आणि एक स्पष्ट सांगते, जिथे सुनेची नोकरीच नकोय, पगार काढून घेतात किंवा हात उगारला जातो, तिथे हे वेळापत्रक आणि चहा काही कामाचा नाही. तिथे आधी सुरक्षिततेचं बघावं लागतं आणि ती मदत वेगळी असते.

शेवटच्या भेटीत वृषालीने अजून एक गंमत सांगितली. ती आत कॉलवर होती, दार लोटलेलं, आणि बाहेर सासूबाई नणंदेला फोनवर म्हणत होत्या, "आत्ता नको लावूस तिला फोन. साडेबाराला मोकळी होते ती, तेव्हा लाव."