'सो डू आय' की 'सो अ‍ॅम आय': सहायक कुठून आणायचा?

प्रश्न: 'आय लाइक टी'वर 'सो डू आय' आणि 'आय अ‍ॅम टायर्ड'वर 'सो अ‍ॅम आय' असं का? मी सगळीकडे 'मी टू' म्हणून सुटतो. काल 'ही डिडन्ट कम'वर 'नायदर डिडन्ट शी' म्हणालो आणि सगळे हसले.

उत्तर: मराठीत 'मलाही', 'तीही नाही' म्हटलं की काम भागतं, क्रियापद गाळलं तरी चालतं. इंग्रजीत ते गाळलं तर त्याच्या जागी सहायक क्रियापद ठेवावं लागतं. हा सहायक आपल्या मनाने निवडायचा नसतो, तो समोरच्याच्या वाक्यातूनच उचलायचा.

'आय अ‍ॅम टायर्ड'मध्ये 'अ‍ॅम' समोरच आहे. 'आय लाइक टी'मध्ये मात्र सहायक दडलेला असतो. अशा वेळी मनातल्या मनात त्या वाक्याचा प्रश्न करायचा: 'डू यू लाइक टी?' प्रश्नात जो शब्द पुढे आला, तोच आपला. 'शी वेन्ट होम'चा प्रश्न 'डिड शी गो होम?', म्हणून 'सो डिड आय'.

ही युक्ती खरी उपयोगी पडते ती 'हॅव'पाशी. 'आय हॅव अ हेडेक'वर बरेच जण 'सो हॅव आय' म्हणतात. जुन्या ब्रिटिश वळणात ते ऐकू येतं, पण आज आपण विचारतो 'डू यू हॅव अ हेडेक?', म्हणून 'सो डू आय'. उलट 'आय हॅव सीन इट'चा प्रश्न 'हॅव यू सीन इट?' होतो, तिथे 'सो हॅव आय'च बरोबर. पहिल्या वाक्यात 'हॅव' म्हणजे डोकेदुखी 'असणं', ते मुख्य क्रियापद आहे. दुसऱ्यात मुख्य क्रियापद 'सीन', 'हॅव' नुसता मदतनीस.

काळ समोरच्याचा घेतला तरी रूप मात्र नव्या कर्त्याप्रमाणे बदलतं. कुणी म्हणालं, 'माय ब्रदर लिव्ज इन नाशिक', तर आपण 'सो डू आय' म्हणायचं. प्रश्नात 'डझ' आला म्हणून 'सो डझ आय' म्हणणारे मी पुष्कळ ऐकलेत, एके काळी मीही त्यातलाच.

आता कालचं. 'नायदर'च्या पोटातच नकार आहे, त्यामुळे पुढे 'डिडन्ट' आलं की नकार दोनदा होतो. 'नायदर डिड शी', बस. 'नेव्हर' असलेलं वाक्यही नकारार्थीच धरायचं, त्यात 'नॉट' दिसत नसलं तरी: 'ही नेव्हर ईट्स फिश'वर 'नायदर डू आय'. अशा वाक्यांवर तुमचं 'मी टू' चालत नाही, 'मी नायदर' म्हणावं लागतं.

एक सांभाळा, 'सो'नंतर सहायक आधी, कर्ता मागून. क्रम उलटला की अर्थच बदलतो. 'युअर लेस इज अनटाइड'वर बुटाकडे बघत 'सो इट इज!' म्हणतात, म्हणजे आपलं 'अरे हो की!'