एका खोलीत सहा माणसं आणि बाळाची दुपारची झोप

प्रश्न: आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. चाळीत १० बाय १५ ची खोली, माणसं सहा, दुपारभर टीव्ही, शिवाय येणारे-जाणारे. दिवसा ती अर्ध्या तासाच्या वर झोपत नाही. सासूबाई म्हणतात, आवाजाची सवय लाव. खरंच सवय होते का?

अर्धी होते. उरलेल्या अर्ध्याबद्दल "सवय लाव" म्हणणारं कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

एकसारख्या आवाजाची सवय होते. पंखा, रस्त्याची घरघर, शेजारच्या खोलीतली बडबड याकडे बाळ थोड्याच दिवसांत दुर्लक्ष करायला लागतं. कुकरची शिट्टी, मोरीत पडलेलं ताट, दाराची कडी आणि मालिकेच्या मधोमध दुप्पट जोरात सुरू होणारी जाहिरात यांची मात्र सवय होत नाही. दचकणं आपोआप होतं, ते कुणी शिकवून जात नाही. "आमची पोरं ढोलताशात झोपायची" ही आठवण बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांची असते. त्या वयात बाळ कुठेही झोपतं. तीन-चार महिन्यांनंतर झोपेची घडण बदलते आणि आजूबाजूला काय चाललंय यात त्याला रसही यायला लागतो. तेव्हा आजी खोटं बोलत नाहीत, फक्त वय विसरतात.

आता अर्ध्या तासाचं. या वयात दिवसाच्या झोपेची एक फेरी साधारण पाऊण तासाची असते. पहिली पंधरा-वीस मिनिटं झोप कच्ची. मनगट हलकेच उचलून सोडून बघा: हात आखडला तर अजून कच्ची, सैल खाली पडला तर गाढ लागली. मग पंधरा-एक मिनिटं ती खरंच सहजासहजी उठत नाही. पस्तिसाव्या मिनिटापासून ती पुन्हा वर यायला लागते, चुळबुळते, एखादा हुंकार देते. त्या क्षणी खोलीत काही बदललं नाही, तर पुष्कळदा परत आत जाते. बदललं तर उठते. म्हणजे दीड तास चिडीचूप घराची गरजच नाही. सुरुवातीची वीस मिनिटं आणि पस्तीस ते पन्नास हा पट्टा सांभाळायचा. डबे लावणं, कपडे वाळत घालणं, मोरीतली कामं मधल्या गाढ झोपेत उरकायची. आणि चाळिसाव्या मिनिटाला तिने "उं" केलं की लगेच उचलू नका, दोन-तीन मिनिटं बघा. अनेक घरांत झोप टीव्ही मोडत नाही, धावत येणारं प्रेमळ माणूस मोडतं.

दिवसाच्या सगळ्या झोपा वाचवायला जाऊ नका, एका खोलीत ते जमत नाही. एकच निवडा. पाच महिन्यांचं बाळ एका वेळी पावणेदोन ते सव्वादोन तास जागं राहू शकतं. ती सातला उठत असेल तर पहिली डुलकी पावणेनऊच्या सुमाराला येते, ऐन डब्यांच्या घाईत. ती खांद्यावर किंवा गॅलरीत मांडीवर, जशी होईल तशी होऊ द्या. सव्वाअकराचीही तशीच. पावणेदोनची झोप मात्र आपली. त्याआधी, एकच्या आत, कुकर उतरलेला हवा आणि मिक्सरचं वाटण झालेलं हवं. मिक्सर उशिरा लावावाच लागला तर खाली जाड टॉवेलची घडी ठेवा. निम्मा त्रास ओट्यातून भिंतीत जाणाऱ्या थरथरीचा असतो. पाणी नेमकं दोनला येत असेल, तर झोप अर्ध्या तासाने पुढे ढकला, पिंप भरण्याशी भांडू नका.

अंथरूण कुठे घालायचं? टीव्हीच्या समोर नाही, दाराशी नाही, आणि शेजाऱ्यांचा टीव्ही ज्या भिंतीला आहे त्या भिंतीलाही नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट मध्ये आलं तर उत्तम. दोरीवर गोधडी टाकून आडोसा केला तर उजेड कमी होतो आणि आवाज घुमणं थोडं कमी होतं, पण आवाज अडत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका. बाळाच्या तोंडावर किंवा पाळण्यावर साडी टाकून अंधार करायचा नाही, आत उकडतं आणि हवा खेळत नाही.

अचानकचे आवाज बुडवायला एक सलग आवाज हवा. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला तर पुरतो. मोबाइलवर पावसाचा किंवा नुसत्या खरखरीचा आवाज लावायचा असेल तर फाइल आधी उतरवून घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर मधेच जाहिरात किंवा आत्याबाईंचा फोन. अर्ध्या तासाचा टायमर लावू नका. तो नेमका कच्ची वेळ यायच्या तोंडावर थांबतो, आणि आवाज अचानक थांबणं हेही उठवणारंच असतं. वीज गेल्यावर पंखा थांबला की बाळ उठतं त्यात उकाड्याइतकीच ती शांतताही असते. फोन उशाशी नको, निदान दोन मीटर, म्हणजे साडेसहा फुटांवर. २०१४ मध्ये बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या १४ यंत्रांची तपासणी छापून आली होती. पूर्ण आवाजावर, फूटभर अंतरावरून, सगळी यंत्रं ५० डेसिबलच्या वर गेली आणि तीन तर ८५ च्याही वर. इस्पितळातल्या बाळांच्या खोलीसाठी सुचवलेली मर्यादा ५० आहे. तिच्या डोक्याशी बसून हळू आवाजात बोला. समोरच्याला ऐकायला कष्ट पडत असतील तर आवाज जास्त आहे.

टीव्ही बंद करा असं सासऱ्यांना सांगू नका, दोन दिवस टिकेल आणि वर मन दुखेल. त्यांना इयरफोन द्या. ऐकायला कमी येत असेल तर कानावर बसणारे मोठे हेडफोन ते लवकर स्वीकारतात. तेही नको म्हणाले तर टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ऑटो व्हॉल्यूम किंवा नाइट मोड असतो, तो चालू केला की जाहिरात आणि मालिका यांच्यातली उडी कमी होते. आवाज एकाच पातळीवर राहिलेला टीव्ही चालतो, वरखाली होणारा नाही.

पाहुण्यांना "ती झोपलीय, नंतर या" म्हटलं की राग येतो. "साडेतीन-चारला या काकू, तेव्हा ती मस्त खेळते" म्हटलं की येत नाही. बेलचं बटण दुपारी बंद, कडीला फडकं गुंडाळलेलं, आणि दारावर लक्ष ठेवण्याचं काम सासूबाईंकडे. सवय लाव म्हणणाऱ्या माणसाला पहारा दिला की आठवड्यात त्याच इतरांना गप्प करायला लागतात, हा माझा ठाम अनुभव.

दोन गोष्टी राहिल्या. एक, पाच महिन्यांची पुष्कळ बाळं अगदी शांत घरातही अर्ध्या-पाऊण तासाच्याच डुलक्या घेतात. ती उठल्यावर हसरी असेल, रात्रंदिवस मिळून बारा ते सोळा तास झोपत असेल, तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठी कमी आणि तुमच्या विश्रांतीसाठी जास्त आहे, आणि त्यात काही चूक नाही. झोळीत जास्त वेळ झोपते म्हणून तिथे ठेवत असाल तर आता ती बंद करा. हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, आणि पालथं पडायला लागलेलं बाळ तिच्यातून बाहेर पडतं. सपाट, कडक अंथरुणावर, पाठीवर.

दुसरी, ज्या घरात "आमचं बाळ फटाक्यांनाही उठत नाही" असं कौतुकाने सांगतात, त्यांनी ते जागं असताना मागून टाळी वाजवून बघावी. डोळे मिचकावले नाहीत किंवा वळून बघितलं नाही तर कानांची ओएई तपासणी, म्हणजे ऐकू येतं का हे बघणारी चाचणी, लगेच करून घ्यावी. जन्मल्यावर झाली असली तरीही.