दिवाळीच्या माळा आपोआप चालू-बंद: वीज गेल्यावर काय टिकतं?

प्रश्न: मी पुण्यात नोकरीला, आईबाबा सांगलीत. दिवाळीत गॅलरीतल्या माळा रोज लावणं-बंद करणं त्यांना होत नाही. टायमर घेऊ, स्मार्ट प्लग घेऊ, की सरळ सोलर?

उत्तर: माळांसाठी बॅटरीवाला डिजिटल टायमर घ्या, आणि तुळशीपाशी व फाटकावर सोलर लावा. मी सांगलीतच विश्रामबागेत राहतो आणि गेली काही वर्षं हे तिन्ही प्रकार घरी वापरतोय. निवड करताना मी एकच बघतो : वीज जाऊन आली की ती वस्तू काय करते?

मी सुरुवात केली गोल तबकडीच्या टायमरपासून. तबकडीच्या कडेला ९६ बारीक खुंट्या असतात, एकेक पंधरा मिनिटांची. माझ्या टायमरमध्ये खाली दाबलेली खुंटी म्हणजे चालू. दिवाळीत आपल्याकडे सहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणून मी सहा ते साडेदहाच्या अठरा खुंट्या दाबल्या. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला वीज गेली ती दीडला आली. ती तबकडी विजेवरच फिरते, त्यामुळे साडेतीन तास ती जागीच थांबली होती. त्या रात्री माळा साडेनऊला लागल्या आणि पहाटे दोनला विझल्या. टायमर बिघडला नव्हता, त्याचं घड्याळ मागे पडलं होतं. अशा वेळी तबकडी हाताने फिरवून पुन्हा वेळेवर आणावी लागते, आणि ते आईबाबांच्या गळ्यात पडू नये हाच तर तुमचा हेतू आहे. डिजिटल टायमरमध्ये छोटी बॅटरी असते, वीज गेली तरी घड्याळ चालू राहतं. घेताना दुकानातच वेळ लावून प्लग काढा आणि थोड्या वेळाने वेळ बरोबर दाखवतोय का बघा. बॅटरी पार उतरलेली असेल तर आधी काही तास चार्जिंगला लावावी लागते.

स्मार्ट प्लगची गोष्ट वेगळी. पुण्यातून मोबाइलवर माळ लावता येते, हा मोठा आनंद आहे, मला तो कळतो. पण वीज आल्यावर बहुतेक प्लगना वेळ इंटरनेटवरून घ्यावी लागते. राउटर सुरू झाला नाही किंवा नेट गेलेलं असेल, तर ठरलेली वेळ हुकते. घरी राउटर इन्व्हर्टरवर असेल तरच घ्या. प्लग बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायलाच जोडला जातो, तेही आधी बघून ठेवा. आणि ॲपमध्ये ‘वीज परत आल्यावर’ची सेटिंग शोधून ‘आधी होतं तसं’ ठेवा. ती ‘चालू’वर राहिली, तर रात्री तीनला वीज आल्यावर गॅलरी उजळलेली दिसेल.

टायमर असो वा प्लग, माळ त्याला साथ देणारी हवी. हे दुकानदार सांगतीलच असं नाही. घरातली प्रत्येक माळ लावा, हवा तो प्रकार निवडा, मग बोर्डावरचं बटण बंद करून मिनिटभराने पुन्हा चालू करा. माळ आपोआप आणि त्याच प्रकारात लागली तर उत्तम. काही माळा दरवेळी पहिल्या, भराभर लुकलुकणाऱ्या प्रकारावर जातात, आणि रिमोटवाल्या काही पट्ट्या तर रिमोट दाबेपर्यंत लागतच नाहीत. साधी, एकसारखी जळणारी एलईडी माळ याला सर्वांत चांगली. माझ्या चार माळा मिळून पंचवीस वॅटच्या आसपास आहेत, एवढा भार कुठलाही टायमर सहज पेलतो. टायमर मात्र घरातल्या प्लगमध्येच ठेवा, गॅलरीत नको. दिवाळीत अवकाळीची सर आली की बाहेरच्या जोडात पाणी शिरतं.

सोलरला विजेचं काहीच नाही, म्हणून फाटकावर मला तोच आवडतो. त्याचं पॅनेलच अंधार झालाय का ते ओळखतं. आमचा फाटकावरचा दिवा पहिल्या संध्याकाळी लागलाच नाही. पॅनेलवर तळहात धरला तर लगेच पेटला, हात काढला की बंद. रस्त्यावरच्या खांबाचा उजेड थेट त्याच्यावर पडत होता! दोन हात बाजूला सरकवला आणि प्रश्न मिटला. पॅनेलचं तोंड दक्षिणेला करा आणि साधारण तीस अंशांचा उतार द्या, कारण दिवाळीच्या दिवसांत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून साधारण तेवढाच दक्षिणेला कललेला असतो. आंब्याच्या सावलीत ठेवलात तर आठ-नऊलाच मंद होईल. अनेक दिव्यांचं खालचं बटण बंद असेल तर ते चार्जही होत नाहीत, म्हणून वसुबारसेच्या आधी दोन दिवस बटण चालू करून उन्हात ठेवा. मागच्या वर्षीचा दिवा लवकर विझत असेल तर आतला रिचार्जेबल सेल बदला, अनेक दिव्यांत तो साध्या पेन्सिल सेलच्या आकाराचाच असतो.

दसऱ्याला घरी याल तेव्हाच टायमर लावून द्या आणि एकदा मुद्दाम मेन स्विच पाडून बघा. माळा ठरल्या वेळी लागल्या, तर आईबाबांना दिवाळीत बोर्डाला हात लावावा लागणार नाही.