बेसनाचा ढोकळा इनो घालूनही बसतो, काय चुकतंय?

प्रश्न: मुंबईत राहते. बेसनाचा ढोकळा वाफेवर छान फुगतो, पण बाहेर काढला की बसतो आणि खालचा थर चिवट लागतो. आंबट दही घालते, इनो घालते, पीठ अर्धा तास ठेवते. रात्रभर आंबवायला हवं का? वाफवायचा नक्की किती वेळ?

उत्तर:

रात्रभर आंबवू नका. तांदूळ-डाळ वाटून केलेल्या पांढऱ्या ढोकळ्याला आंबवण लागतं. बेसनात इनो घालणार असाल तर त्याची गरज नाही. उलट आपल्या मुंबईच्या उकाड्यात दही घातलेलं बेसन रात्रभर बाहेर राहिलं तर सकाळी फार आंबट आणि पातळ झालेलं असतं, आणि पातळ पिठात हवा टिकत नाही.

एक गोष्ट मला तुमच्या प्रश्नात दिसत नाही: अर्धा तास पीठ ठेवता ते इनो घालण्याआधी की नंतर? नंतर ठेवत असाल तर बिघाड तिथेच आहे. इनोमध्ये सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही कोरडे एकत्र असतात. पाणी लागलं की ते एकमेकांना भिडतात आणि वायू सुटायला लागतो. बहुतेक वायू पहिल्या एक-दोन मिनिटांतच सुटतो. ते बुडबुडे पिठात असतानाच वाफेच्या उष्णतेने पीठ घट्ट व्हायला हवं, तरच जाळी टिकते. म्हणून इनो घातल्यापासून भांडं वाफेवर ठेवेपर्यंत एक मिनिटाच्या वर जाऊ देऊ नका. पीठ ठेवायचं ते आधी, बेसन आणि रवा पाणी पिऊन फुगावेत म्हणून. तेवढ्याला 20 ते 30 मिनिटं पुरतात.

दह्याचं काम काय, हेही इथेच लक्षात येईल. इनोचं आम्ल त्याच्यातच असल्यामुळे त्याला फुगायला दही लागत नाही. दही घालायचं ते चवीसाठी आणि मऊपणासाठी. खायचा सोडा वापरत असाल तर मात्र दही खरंच आंबट हवं, कारण सोड्याला आम्ल बाहेरून द्यावं लागतं. ते कमी पडलं की सोडा तसाच उरतो, साबणासारखी चव येते आणि हळदीवर लालसर ठिपके पडतात. हळद म्हणून पाव चमच्याच्या वर नकोच. उन्हाळ्यात सकाळी लागलेलं दही संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवलं की पुरेसं आंबट होतं. फ्रिजमधलं ताजं, गोडसर दही असेल तर एक चमचा लिंबाचा रस घाला.

आता माप. 18 सेंटिमीटरच्या गोल थाळीसाठी 150 ग्रॅम बारीक बेसन चाळून घ्या, म्हणजे मापाचा साधारण दीड कप. लाडवाचं जाडसर बेसन नको. त्यात दोन मोठे चमचे बारीक रवा, 100 ग्रॅम आंबट दही, आलं-मिरचीचं वाटण, दोन चमचे साखर, मीठ, हळद आणि एक मोठा चमचा तेल. पाणी अर्ध्या कपाने, म्हणजे 120 मिलिलिटरने सुरुवात करा आणि गुठळ्या राहू न देता फेटा. तेल टाळू नका. बेसन घशाला कोरडं लागतं ते बरंचसं तेल कमी पडल्यामुळे.

झाकून ठेवलेलं पीठ अर्ध्या तासाने घट्ट झालेलं दिसेल, कारण रव्याने पाणी ओढलेलं असतं. ही पायरी बरेच जण सोडून देतात आणि तसंच घट्ट पीठ वाफवतात. पळीने पीठ वरून सोडून पाहा. धार सलग पडली पाहिजे आणि तिची खूण दोन-तीन सेकंद दिसून मग मिसळली पाहिजे. गोळे पडत असतील तर एकेक चमचा पाणी वाढवा. खूण उमटतच नसेल तर पीठ पातळ आहे, चमचाभर बेसन घाला. घट्ट पीठ फुगत नाही. पातळ पीठ फुगतं, पण त्यातले बुडबुडे वर निघून जातात आणि खाली चिवट थर बसतो. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

पीठ मुरतंय तोवर स्टीमर तयार ठेवा. कुकर किंवा मोदकपात्रही चालेल, कुकरची फक्त शिटी काढा. पाणी खळखळून उकळलेलं हवं. थाळीला तेल लावून तीही आत ठेवून गरम करून घ्या. थंड थाळीत तळाचं पीठ उशिरा शिजतं आणि तेवढ्या वेळात तिथले बुडबुडे मरतात. झाकणाला आतून पातळ फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून वरचा भाग ओला आणि खड्डेवाला होतो.

मग इनोची 5 ग्रॅमची एक पुडी पिठावर सारखी भुरभुरा, वर दोन चमचे पाणी घाला आणि एकाच दिशेने हलक्या हाताने 15-20 सेकंद ढवळा. पीठ फिकट आणि फेसाळ झालं की थांबा. फेटत राहिलात तर आलेली हवाच निघून जाईल. थाळी अर्धीच भरा. पुडी त्याच वेळी फोडा. उघडी राहिलेली पुडी पावसाळ्यात ओल धरते आणि तिचा जोर आतच संपून जातो. शंका असेल तर चिमूटभर पाण्यात टाकून पाहा; जोरात फसफसलं नाही तर वापरू नका. लिंबाच्या स्वादाचं नको, साधंच घ्या. आणि जास्त फुगावा म्हणून दुसरी पुडी कधीही घालू नका. बुडबुडे मोठे होऊन एकमेकांत फुटतात, ढोकळा एकदम वर येतो आणि तसाच खाली बसतो. जो टिकतो तोही भुसभुशीत होतो.

वाफ मोठ्या आचेवर 15 मिनिटं. पहिली 10 मिनिटं झाकण उघडायचंच नाही, कारण मधला भाग तोवर कच्चा असतो आणि गार हवा लागली की खचतो. 15 मिनिटांनी मधोमध सुरी घाला. ती कोरडी निघाली आणि कडा थाळीपासून सुटायला लागल्या की झालं. पीठ चिकटलं तर आणखी तीन मिनिटं. थर दोन इंचांहून जाड असेल तर 20 मिनिटं लागतील. 25 मिनिटांपुढे नेऊ नका, रबरासारखा होतो. गॅस बंद केल्यावर थाळी लगेच ओढून पंख्याखाली ठेवू नका. झाकण थोडं सरकवून पाच मिनिटं आत राहू द्या.

वड्या कोमट असताना कापा. दोन चमचे तेलात मोहरी, तीळ, मिरची, कढीपत्त्याची फोडणी करून त्यात पाव कप पाणी आणि दोन चमचे साखर घाला, एक उकळी आणा आणि कापलेल्या फटींवर चमच्याने सारखं पसरा. फरसाणाच्या दुकानातला ढोकळा ओलसर लागतो तो या पाण्यामुळे. दहा मिनिटं मुरू द्या, मग थाळीतून काढा.

पुढच्या वेळी एकाच वेळी सगळं बदलू नका. आधी फक्त पाणी कमी करा आणि इनो शेवटच्या मिनिटाला घाला. तरीही तळ चिवटच राहिला तर थाळी पुरेशी तापलेली नाही किंवा पाणी उकळायच्या आधीच ठेवली गेली, ते पाहा.