आगळाची बाटली गळू नये म्हणून काय करायचं

वहिनी, भाऊ अंथरुणाला खिळलेत आणि म्हापशाचं दुकान तुमच्यावर आलंय, तर आधी फक्त कोकमाच्या आगळाचं पॅकिंग पक्कं करा, कारण काजू-सोलांचं पाकीट आपटलं तरी चालतं पण आगळ सांडलं की शेजारचा सगळा माल लाल होतो.

बाटली गळ्यापर्यंत भरू नका, वर दोनेक बोटं जागा सोडा. बूच लावायच्या आधी तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ताणून बसवा, मग बूच घट्ट करून त्यावर टेप. आता बाटली टिश्यूवर उलटी ठेवून अर्धा तास तशीच राहू द्या, टिश्यूवर लाल ठिपका दिसला तर बूच बदला, नुसतं आवळून भागत नाही. मग प्रत्येक बाटली वेगळ्या झिपच्या पिशवीत, वर बबल रॅप, आणि खोका हलवून बघा, आत काही सरकलं की कागद कोंबा. पावसात खोका ओलसर असेल तर टेप धरतच नाही, तेव्हा खोके जमिनीवर ठेवू नका हां.

बंद करायच्या आधी फोटो काढा, पत्त्यासकट.

समजा पुण्याचं गिऱ्हाईक म्हणालं "बाटली फुटली", तर आधी वाद नको. लिहा, "ताई, त्रास झाला, खोक्याचा आणि बाटलीचा फोटो पाठवाल का?" बूच सैल दिसलं तर चूक आपली, लगेच दुसरी पाठवा. खोकाच चेपलेला असेल तर तो फोटो त्याच दिवशी कुरियरवाल्याला.

आणि "तळाशी गाळ आहे" असं विचारतील, तो कोकमाचाच असतो, हलवून घ्या म्हणायचं, मीठ आधीच आहे, वरून घालू नका हेही सांगा.