'माय' की 'माइन'?

अरे, लातूरच्या मित्राबद्दल तू 'अ फ्रेंड ऑफ माय' लिहिलंस, तिथं 'माइन'च पाहिजे. गोची आपल्या 'माझा'मुळं होते. 'माझा डबा' आणि 'हा डबा माझा', दोन्हीकडं आपला एकच शब्द चालतो. इंग्रजीत मात्र 'माय'ला पुढं नाम लागतंच, एकटं उभं राहतं ते 'माइन'. 'ऑफ माय' म्हणून थांबलास की ऐकणारा विचारणार, माय काय?

पण 'ऑफ माय' दिसलं की लगेच खोडू नकोस हं. 'अ फ्रेंड ऑफ माय ब्रदर्स', म्हणजे माझ्या भावाचा एक मित्र, हे बरोबर आहे, कारण 'माय'पुढं भाऊ आहे. तिथं 'माइन ब्रदर्स' केलंस तर पुन्हा फसलास. 'ऑफ' असूनही वर 'माइन' किंवा 'भावाचा' या अर्थाचं 'ब्रदर्स' येतं, म्हणजे मालकी दोनदा दाखवली जाते. ते दुहेरीपण चूक नाही, इंग्रजीची तशी रीतच आहे.