ट्रोपोनिन वाढलेलं, अँजिओग्राफी नॉर्मल, आणि एमआरआयवर पांढरा डाग: अटॅक की मायोकार्डायटिस?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ, वय ३१. ताप येऊन गेल्यावर चार दिवसांनी छातीत दुखलं, ट्रोपोनिन खूप वाढलेलं, अँजिओग्राफी नॉर्मल. हार्टच्या एमआरआयमध्ये 'बेसल आणि मिड इन्फेरोलॅटरल वॉलमध्ये सबएपिकार्डियल लेट गॅडोलिनियम एन्हान्समेंट, त्याच जागी टी-२ वाढलेला, एलव्हीईएफ ५६%' असं आलंय. एक डॉक्टर म्हणाले छोटा अटॅक, दुसरे म्हणाले मायोकार्डायटिस. एका पांढऱ्या डागावरून हे कसं ठरवतात? आणि हा डाग कायमचा का?

उत्तर:

मी बरीच वर्षं हार्टचे एमआरआय वाचतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'सबएपिकार्डियल' आहे, म्हणजे डाग भिंतीच्या बाहेरच्या बाजूला आहे. लिहिलंय तसंच चित्रात असेल तर हे मायोकार्डायटिसकडे, म्हणजे हार्टच्या स्नायूला आलेल्या सुजेकडे जातं, अटॅककडे नाही. का ते सांगतो.

आधी तो पांढरा रंग येतो कुठून ते बघू. गॅडोलिनियमचं औषध शिरेतून दिलं की ते रक्तातून बाहेर पडून पेशींच्या मधल्या जागेत जातं, पण धडधाकट पेशीच्या आत शिरू शकत नाही. निरोगी हार्टच्या स्नायूत पेशी एकमेकींना चिकटून असतात, मधली मोकळी जागा साधारण पाव हिस्साच, त्यामुळे औषध तिथे थोडंच राहतं आणि लवकर निघून जातं. पेशी मेल्या, त्यांचं आवरण फाटलं, की औषध आत घुसतं, आणि पुढे काही महिन्यांनी त्या जागी व्रण झाला तरी तंतूंच्या मध्ये भरपूर जागा असते म्हणून तिथेही ते जास्त साठतं आणि उशिरा निघतं. म्हणून इंजेक्शननंतर १० ते २० मिनिटं थांबून फोटो काढतात, 'लेट' त्यासाठीच. म्हणजे पांढरं दिसतंय याचा अर्थ एवढाच की इथे पेशींच्या बाहेरची जागा वाढलीय. ती कशामुळे वाढली, आज वाढली का पाच वर्षांपूर्वी, हे पांढरा रंग सांगत नाही, ते डागाच्या जागेवरून आणि बाकीच्या फोटोंवरून काढावं लागतं.

आता अटॅकचा डाग. कोरोनरी रक्तवाहिन्या हार्टच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून धावतात आणि त्यांच्या फांद्या भिंतीत आत शिरत जातात, म्हणजे सगळ्यात आतला थर हा पाटाच्या शेपटाकडचं शेत आहे, पाणी तुटलं की पहिलं तेच वाळतं. त्यात आतल्या थरावर वेंट्रिकलमधल्या रक्ताचा दाबही जास्त असतो आणि त्याला ऑक्सिजनही जास्त लागतो. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांच्या हार्टवर दाखवलं होतं की रक्तवाहिनी जितका जास्त वेळ बंद राहील तितकी मृत पेशींची लाट आतून बाहेर सरकत जाते. त्यामुळे अटॅकच्या डागाची खूण ठरलेली आहे, तो आतल्या कडेला म्हणजे सबएंडोकार्डियमला चिकटलेला असणारच, तिथून बाहेर किती पसरेल ते वेगवेगळं, आणि तो एखाद्या रक्तवाहिनीच्या हद्दीत बसलेला असतो. मोठ्या ताज्या अटॅकमध्ये त्या पांढऱ्या भागाच्या आत काळा गाभाही दिसतो, कारण तिथल्या बारीक केशवाहिन्याच बुजलेल्या असतात आणि औषध पोचतच नाही. त्याला मायक्रोव्हॅस्क्युलर ऑब्स्ट्रक्शन म्हणतात आणि ती चांगली खूण नाही.

डाग भिंतीच्या किती जाडीत आहे यालाही फार अर्थ आहे. किम आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की बायपास किंवा स्टेंटनंतर भिंतीचा एखादा भाग पुन्हा हलायला लागेल का, हे जाडीच्या किती टक्क्यांत पांढरं आहे यावरून बऱ्यापैकी सांगता येतं. डाग अजिबात नसलेले बहुतेक भाग सुधारले, आणि पाऊण जाडीपेक्षा जास्त पांढरे होते ते जवळजवळ सुधारलेच नाहीत. मधलं मात्र धूसर असतं, अर्धी जाडी गेलेल्या भागाबद्दल छातीठोकपणे कुणीच सांगू नये.

मग भावाच्या बाबतीत गोंधळ कुठून आला? तर इन्फेरोलॅटरल भिंत ही बहुतेक लोकांत सर्कमफ्लेक्स रक्तवाहिनीची हद्द आहे, आणि मायोकार्डायटिसलाही नेमकी हीच जागा फार आवडते. नुसतं 'इन्फेरोलॅटरल एन्हान्समेंट' एवढंच कानावर पडलं तर अटॅक म्हणणाऱ्याला दोष देता येत नाही. शिवाय अँजिओग्राफी नॉर्मल आली म्हणून अटॅक नाहीच असंही म्हणता येत नाही, गुठळी विरघळून गेलेली असू शकते, कुठून तरी वाहत येऊन बारीक फांदीत अडकलेली असू शकते, रक्तवाहिनी आवळून सैल झालेली असू शकते. अशा लोकांत एमआरआयवर आतल्या कडेला चिकटलेला छोटासा डाग सापडतो आणि मग सगळी ट्रीटमेंट बदलते. म्हणूनच ट्रोपोनिन, म्हणजे हार्टच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, जास्त आणि अँजिओ नॉर्मल असेल तर एमआरआय करायचा असतो, आणि लवकर करायचा, पहिल्या दोनेक आठवड्यांत, नंतर सूज उतरली की अर्धा पुरावा जातो.

तुमची केस मी कशी वाचेन ते सांगतो. हार्ट आडवा कापलेल्या फोटोंमध्ये, शॉर्ट ॲक्सिस म्हणतात त्यात, लेफ्ट वेंट्रिकल बांगडीसारखा गोल दिसतो. वरच्या आणि मधल्या कापांत बाहेरच्या भिंतीवर पांढरा पट्टा शोधायचा, आणि मग एकच गोष्ट बारकाईने बघायची, पट्टा आणि आतलं रक्त यांच्यामध्ये काळ्या निरोगी स्नायूची पट्टी अखंड राहिलीय का. तशी राहिली असेल तर हे अटॅकचं नाही, कारण अटॅक आतला थर सोडून बाहेरचा मारत नाही. मग टी-२ बघायचा, तो पाण्याचं म्हणजे सुजेचं प्रमाण सांगतो. त्याच जागी वाढलाय म्हणजे इजा ताजी आहे, जुना व्रण नाही. पण एक लक्षात ठेवा, टी-२ ताज्या अटॅकमध्येही वाढतो, म्हणून तो फक्त 'कधी' एवढंच सांगतो, 'काय' हे जागेवरूनच ठरतं. मायोकार्डायटिससाठीचे लेक लुईझ निकष २०१८ मध्ये सुधारले, त्यात सुजेचा एक पुरावा म्हणजे टी-२ आणि इजेचा एक पुरावा म्हणजे टी-१ हे टी-२ सारखंच एमआरआयचं दुसरं माप, ईसीव्ही म्हणजे पेशींबाहेरच्या जागेचं प्रमाण, किंवा योग्य जागेवरचं लेट एन्हान्समेंट, असे दोन्ही असले तर निदान भक्कम धरतात. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही आहेत, आधी ताप आहे, वय ३१ आहे, अँजिओ स्वच्छ आहे. सगळं एकाच दिशेला जातंय.

कायमचा का, याचं उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही. पहिल्या काही दिवसांतल्या डागात मेलेल्या पेशी आणि सूज दोन्ही मिसळलेलं असतं. सूज उतरते, मेलेल्या पेशींच्या जागी येणारा व्रण आकसतो, त्यामुळे काही महिन्यांनी परत एमआरआय केला की डाग बहुतेकदा लहान झालेला दिसतो, काहींत जवळजवळ दिसेनासा होतो, आणि काहींत बारीक रेघ उरते. म्हणून आत्ताच्या डागाच्या आकारावरून भविष्याचा हिशोब मांडू नका.

कार्डिओमायोपथीचं, म्हणजे हार्टच्या स्नायूच्याच आजारांचं, थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या रिपोर्टमध्ये हा शब्द आला तर घाबरायला होईल. डायलेटेड कार्डिओमायोपथीत, म्हणजे हार्ट फुगून कमजोर होतं त्या प्रकारात, बऱ्याच लोकांना डागच नसतो, असला तर मधल्या पडद्याच्या म्हणजे सेप्टमच्या बरोबर मधल्या थरात एक उभी पांढरी रेघ दिसते, आत आणि बाहेर दोन्हीकडे काळं. २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात, ४७२ पेशंट होते, अशी रेघ असलेल्यांत मृत्यू आणि अचानक हार्ट बंद पडण्याचं प्रमाण स्पष्ट जास्त निघालं, ईएफ, म्हणजे हार्ट दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं, ते लक्षात घेऊनही. हायपरट्रॉफिकमध्ये जाड झालेल्या भागात ठिपके ठिपके, आणि राइट वेंट्रिकल सेप्टमला जिथे जोडतो त्या कोपऱ्यांवर. अमायलॉइड, म्हणजे स्नायूत चुकीचं प्रथिन साठण्याचा आजार, मात्र वेगळंच प्रकरण, तिथे आतला थर सगळीकडूनच पांढरा होतो, कुठल्याही एका रक्तवाहिनीची हद्द नाही, आणि टेक्निशियनला निरोगी स्नायू काळा करताच येत नाही कारण निरोगी असं फारसं उरलेलंच नसतं.

हे 'काळं करणं' समजून घ्या, चुका इथेच होतात. फोटो काढताना इन्व्हर्जन टाइम नावाचा एक आकडा असा निवडतात की निरोगी स्नायूचा सिग्नल बरोबर शून्य व्हावा, १.५ टेस्लाच्या मशीनवर बहुतेकदा २५० ते ३५० मिलिसेकंदांच्या आसपास. औषध शरीरातून निघत जातं तसा हा आकडा हळूहळू वाढवावा लागतो, आणि तो फार कमी ठेवला तर निरोगी स्नायूच उजळ दिसतो आणि डाग लपतो. पीएसआयआर नावाच्या पद्धतीत ही चूक बरीच सांभाळली जाते. दुसरं म्हणजे श्वास नीट रोखला नाही की भुताटकीसारख्या सावल्या भिंतीवर पडतात, बाहेरची चरबीही कधी पांढऱ्या पट्ट्यासारखी भासते. म्हणून डाग दोन वेगवेगळ्या दिशांच्या कापांत दिसला तरच खरा धरायचा. आणि उलट बाजूची चूक म्हणजे अटॅकचा अगदी पातळ डाग शेजारच्या पांढऱ्या रक्तात मिसळून जातो आणि सुटतो. ज्या डॉक्टरांनी अटॅक म्हटलं त्यांना हीच शंका असेल तर ती रास्त आहे, आणि तिचं उत्तर रिपोर्टमध्ये नाही, फोटोंत आहे.

तेव्हा सीडी घेऊन जा आणि दोन्ही डॉक्टरांना एकच विचारा, शॉर्ट ॲक्सिसमध्ये आतली काळी पट्टी अखंड आहे का, आणि लाँग ॲक्सिसमध्ये, म्हणजे हार्ट उभा कापलेल्या फोटोंमध्येही तसंच दिसतंय का. सेप्टममध्ये काही आहे का हेही विचारून घ्या, कारण ईएफ चांगला असलेल्या मायोकार्डायटिसमध्येही सेप्टमचा डाग बाजूच्या भिंतीच्या डागापेक्षा जास्त काळजीचा मानतात. तोवर भावाला जिम, पळणं, फुटबॉल सगळं बंद, सर्वसाधारणपणे तीन ते सहा महिने सांगतात, नेमकं किती ते त्याचे डॉक्टर होल्टर म्हणजे दिवसभराचा ईसीजी, ट्रोपोनिन आणि पुढचा एमआरआय बघून ठरवतील. मधल्या काळात चक्कर आली, धडधड अचानक वाढली किंवा शुद्ध हरपली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या.